आई प्रार्थना ‘म्हणत’ होती की ‘पुटपुटत’ होती? घरातल्या श्रद्धेबद्दल आणि आपल्या शंकेबद्दल लिहिताना

ओलीवाळू

धागा जरा लांबणार आहे, आधीच सांगते.

एका मासिकासाठी मला दोन हजार शब्दांचा लेख द्यायचा आहे. विषय मीच सुचवला होता: माझी श्रद्धा कशी गेली, आणि ज्या घरात मी राहते ते घर आजही किती श्रद्धाळू आहे. आमचा धर्म कोणता ते इथे मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चर्चा तिकडेच जाईल. एवढं पुरे की आमच्या घरात रोज संध्याकाळी साडेसातला सगळे एकत्र बसतात, आई एका जुन्या पुस्तकातून प्रार्थना मोठ्याने वाचते आणि बाकीचे तिच्यामागून म्हणतात.

मी १९ वर्षांची असताना बाबा गेले. त्याआधी नऊ महिने ते आजारी होते आणि त्या नऊ महिन्यांत प्रार्थना एकदाही चुकली नाही. माझी शंका तेव्हाची. पण मी कुणाजवळ काही बोलले नाही. पुढची ११ वर्षं मी त्या प्रार्थनेला बसत आले आणि नुसते ओठ हलवत आले. आई आता ६८ वर्षांची आहे आणि माझं छापून आलेलं सगळं वाचते. दादा आमच्या प्रार्थनामंडळात जबाबदारीच्या जागेवर आहे.

या परिच्छेदावर मी तीन आठवडे अडकले आहे:

> बाबा गेले त्याच रात्री साडेसातला आईने पुस्तक उघडलं आणि ती यंत्रासारखी प्रार्थना पुटपुटू लागली. तिला प्रश्न पडत नव्हते. ज्या देवाने नऊ महिने काहीच ऐकलं नाही, त्याचेच ती आभार मानत होती म्हणे. बाबांनीही शेवटी तो नाद सोडला होता. एकदा तर प्रार्थना सुरू होताच ते “आज नको” म्हणाले होते. त्या रात्री मी देवावरचा विश्वास सोडला.

वाचताना वाटतं, यात खोटं एकही वाक्य नाही. आणि आई हे वाचते आहे असं डोळ्यांसमोर आणलं की पोटात गोळा येतो. सौम्य करायला गेले तर लेख गुळमुळीत होतो. नेमकं कुठे चुकतंय?

सरळरेषा

काहीही चुकत नाहीये. परिच्छेद दमदार आहे, तसाच जाऊ दे. घरच्यांना काय वाटेल याचा विचार करत लिहायला बसलं की हात आखडतो आणि मग आपण आपल्याच आयुष्याबद्दल खोटं लिहू लागतो. आई दुखावेल, मान्य. पण तुझी ११ वर्षं ओठ हलवण्यात गेली, त्याचं काय? फारच वाटत असेल तर टोपणनावाने छाप, नात्यांची नावं बदल, विषय संपला.

वाटसरू_७

ताई, माझं थोडं वेगळं मत आहे. वडील आजारातून बरे झाले नाहीत म्हणून देव नाही, असा निष्कर्ष काढणं बरोबर नाही. आजार शरीराचा असतो. तुम्ही पुन्हा एकदा मनापासून प्रार्थना करून पाहा. १९ हे वय फार कोवळं असतं. आईशी मोकळेपणाने बोललात तर लेख लिहायची गरजच उरणार नाही, असं वाटतं.

ओलीवाळू

@वाटसरू_७, तुम्ही आपुलकीने लिहिलंत हे पोहोचलं. पण देव आहे की नाही हा माझा इथला प्रश्न नाही. मला जे वाटलं ते वाटलं. ते लिहिताना आईला मी जशी आहे तशी उभी करते आहे की माझ्या सोयीची, एवढंच मला तपासायचं आहे.

@सरळरेषा, टोपणनावाने आईला काय फरक पडणार? साडेसात वाजता पुस्तक उघडणारी आई ती एकच. ती पहिल्या ओळीला ओळखेल.

समासातली_शाई

बरीच वर्षं संपादनाचं काम केलं आणि त्यात असे घरगुती लेख पुष्कळ हाताखालून गेले, म्हणून लिहितो. ‘खोटं एकही वाक्य नाही’ असं तुम्हाला वाटतं, तिथूनच सुरुवात करू.

एक पेन्सिल घ्या. या परिच्छेदात तुम्ही किती विधानं केलीत ते मोजा. मी नऊ मोजली. त्यांतली जी तुम्ही स्वतः डोळ्यांनी पाहिली किंवा कानांनी ऐकली, त्यांच्याखालीच रेघ मारा. आईने पुस्तक उघडलं, हे पाहिलंत. आभाराचे शब्द ऐकलेत. बाबांचं “आज नको” ऐकलंत. तीन झाली. बाकीची सहा म्हणजे तुमचा अंदाज, तुमचा निवाडा किंवा ११ वर्षांपूर्वीची आठवण. ती लिहू नका असं मी म्हणत नाही. अंदाजांशिवाय असला लेख होतच नाही. पण तुमच्या परिच्छेदात अंदाज पाहिलेल्या गोष्टीचे कपडे घालून उभे आहेत. ‘तिला प्रश्न पडत नव्हते’ हे वाक्य ‘तिने पुस्तक उघडलं’ याच्याच सुरात आलंय. तुम्हाला स्वतःला प्रश्न पडत होते, हे त्या खोलीत कुणाला दिसत होतं का? मग तिचं तुम्हाला कसं दिसलं?

आता शब्दांकडे येतो. आपल्या भाषेत प्रार्थनेसाठी क्रियापदं भरपूर आहेत आणि प्रत्येक क्रियापद बाजू घेतं. ‘आळवत होती’ लिहिलं तर तुम्ही आईच्या बाजूला जाऊन बसलात. ‘पुटपुटत होती’ लिहिलं तर दाराबाहेर उभं राहून हसलात. आणि मूळ प्रश्न असा की तुम्हीच वर लिहिलंय, आई ‘मोठ्याने वाचते’. मग ती त्या दिवशी खरंच पुटपुटत होती का? पुटपुटत असेल तर ती मोठी घटना आहे, ती नोंदवायला हवी. नसेल तर तो शब्द नंतरच्या रागातून आलाय.

‘म्हणे’ काढून टाका. दोन अक्षरांचा शब्द, पण सगळ्यांत जास्त इजा तोच करतो. ‘आभार मानत होती म्हणे’ याचा अर्थ असा होतो की ते आभार खरे नव्हते. तुम्हाला देवाबद्दल शंका आहे, आईच्या प्रामाणिकपणाबद्दल नाही. त्या ‘म्हणे’ने दोन्ही शंका एकत्र झाल्या.

शेवटचं वाक्य. ‘मी विश्वास सोडला’ लिहिलंत. मराठीत विश्वास सोडता येतो, सुटतो आणि उडतोही. सोडला म्हटलं की तुम्ही ठरवून केलेली कृती. उडाला म्हटलं की कुणीतरी फसवल्याची तक्रार. सुटला म्हटलं की हातात होतं ते कधी निसटलं ते कळलं नाही. तिन्ही प्रकार माणसांच्या आयुष्यात घडतात. तुमच्या बाबतीत कुठलं घडलं ते तुम्हालाच ठाऊक. पण बसायला छान म्हणून क्रियापद निवडू नका.

मावळतीचं_ऊन

मी या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूची आहे. माझ्या मुलाने चार वर्षांपूर्वी असाच लेख लिहिला होता. मी श्रद्धाळू आहे, रोज प्रार्थना करते.

त्याचा विश्वास नाही, हे मला त्या लेखातून कळलं नाही. ते मला आधीच जाणवलं होतं. मला लागलं ते वेगळंच. त्याने लिहिलं होतं, ‘आई भाबडेपणाने रोज देवाकडे मागत राहते.’ मी कधी मागत नाही हो. म्हणजे तरुणपणी मागायचे. पण गेली कित्येक वर्षं मी प्रार्थनेला बसते ती दिवसातला तेवढा वेळ गप्प राहता यावं म्हणून, आणि जे होईल ते सोसायची ताकद यावी म्हणून. त्याने मला कधी विचारलंच नाही की आई, तू तिथे बसून काय करतेस. ३० वर्षं एका घरात राहिलो आणि त्याने माझ्या मनातलं स्वतःच लिहून टाकलं.

भाबडी म्हटलं की माणूस विचार करत नाही असं ठरतं. मी विचार करूनच इथे आले आहे. तुमच्या आईला एकदा विचारा ना.

सरळरेषा

@मावळतीचं_ऊन, तुमचं दुःख समजलं. पण मग लेख कुणाचा? आईने सांगितलेलं तसंच लिहायचं तर तो आईचा लेख झाला. शंका घेणाऱ्याला आधीच घरात बोलता येत नाही, आता लिहितानाही त्याने परवानगी मागायची?

समासातली_शाई

@सरळरेषा, तुमचं अर्धं बरोबर आहे. परवानगी मागितली की लेख मोडतो, हे मी पाहिलंय. पण ‘हे छापलेलं चालेल का?’ आणि ‘यात जे घडलं म्हणून लिहिलंय ते चुकीचं आहे का?’ हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. पहिला विचारला की तुम्ही पेन त्यांच्या हातात दिलंत. दुसरा विचारला की तुम्ही साक्षीदार शोधलात. घरच्यांना नेहमी दुसरा विचारावा. आणि विचारण्याआधीच स्वतःशी ठरवून ठेवावं की कुठल्या गोष्टीवर त्यांचं म्हणणं अखेरचं राहील. घडलेल्या गोष्टी त्यांनी दुरुस्त केल्या तर मान्य. त्यांची स्वतःची गुपितं त्यांनी काढायला सांगितली तर बहुतेक वेळा काढावीत. तुमच्या मनात काय झालं, ते मात्र तुमचंच.

याचं एक जुनं उदाहरण मला कायम आठवतं. चार्ल्स डार्विनचं. लग्नाआधी त्याच्या वडिलांनी त्याला सल्ला दिला होता की आपल्या धार्मिक शंका बायकोपासून लपवून ठेव. त्याने तो मानला नाही, एमाला सांगून टाकलं. १८३९ मध्ये लग्न झालं आणि त्याच सुमारास एमाने त्याला एक पत्र लिहिलं. ती श्रद्धाळू होती आणि तिला काळजी अशी की पुराव्याशिवाय काही मानायचं नाही ही शास्त्रातली सवय, त्या रीतीने सिद्ध न होणाऱ्या गोष्टींनाही त्याने लावू नये. ते पत्र त्याने आयुष्यभर जपलं. त्यावर त्याने स्वतः लिहून ठेवलंय की मी मेल्यावर समजून घे, या पत्राचं मी कितीदा तरी चुंबन घेतलंय आणि त्यावर रडलोय.

१८७६ मध्ये त्याने मुला-नातवंडांसाठी आत्मवृत्त लिहायला घेतलं. त्यात श्रद्धा कशी गेली ते आलंय. तो लिहितो की अविश्वास फार हळूहळू आला, शेवटी पूर्ण झाला. म्हणजे सुटला, सोडला नाही. पण त्यातच अतिशय कडक अशीही वाक्यं आहेत. न मानणाऱ्यांना कायमची शिक्षा होते ही शिकवण खरी धरली, तर माझे वडील, माझा भाऊ आणि जवळजवळ सगळे उत्तम मित्र त्या शिक्षेत जातात, असं तो म्हणतो आणि त्या शिकवणीला फार जहाल विशेषण लावतो. १८८२ मध्ये तो गेल्यावर एमाने त्या उताऱ्याजवळ नोंद केली की हा भाग छापला जाऊ नये, तो कच्चा वाटतो. पुढे मुलगा फ्रान्सिस आत्मवृत्त छापायला निघाला तेव्हा घरात मोठा वाद झाला, एका मुलीने तर कोर्टात जायची भाषा केली. १८८७ मध्ये ते गाळलेल्या रूपात छापलं गेलं. गाळलेला मजकूर परत आला तो १९५८ मध्ये, नात नोरा बार्लो हिच्या हातून.

मला दोघांचंही पटतं. गाळल्यामुळे ७१ वर्षं वाचकांना अर्धाच माणूस मिळाला. पण एमाचा ‘कच्चा’ हा शब्दही मी संपादक म्हणून फेकून देणार नाही. तिने ‘खोटा’ म्हटलं नाही. नवऱ्याला ती ओळखत होती आणि एवढ्या जहाल शब्दात तो पूर्ण दिसत नाही, असं तिला वाटलं असावं. (माझा अंदाज आहे, म्हणून ‘असावं’.)

अर्धविराम

माझा अनुभव सांगतो, कदाचित ओलीवाळूंच्या वडिलांबद्दलच्या वाक्याला लागू पडेल.

मी सहा वर्षांपूर्वी टोपणनावाने लेख लिहिला. त्यात एक वाक्य होतं: ‘आम्हा दोघा भावंडांचा आता कशावरच विश्वास उरलेला नाही.’ मला ते साधं वाटलं. लिहिताना माझ्या मनात फक्त मीच होतो, बहीण सोबतीला घेतली एवढंच. नात्यातल्या एकाने लेख ओळखला, मग तो सगळीकडे फिरला. बहिणीने सासरी काहीच सांगितलेलं नव्हतं. ती तिथे रोज सगळं करत होती, स्वतःच्या इच्छेने, कारण तिला त्या माणसांसोबत बसायला आवडायचं. त्या एका ‘दोघा’मुळे तिच्याकडे सगळे वेगळ्या नजरेने पाहू लागले. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, “ते सांगायचं की नाही हे मी ठरवणार होते ना?”

मी माफी मागितली. आमचं बोलणं चालू आहे, पण पहिल्यासारखं नाही.

‘बाबांनीही शेवटी तो नाद सोडला होता’ वाचलं आणि मला माझं ‘दोघा’ आठवलं. तुम्ही तिथे एकट्या पडू नये म्हणून बाबांना सोबत घेतलंत का? माझं तसं झालं होतं.

ओलीवाळू

@अर्धविराम, हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. हो. बहुतेक तसंच आहे. बाबा माझ्या बाजूचे असावेत असं मला वाटत होतं.

शाईकाकांनी सांगितलं तसं आज आईला तो परिच्छेद वाचून दाखवणार आहे. कागद हातात देणार नाही, वाचून दाखवेन. म्हणजे वाचताना माझी जीभ कुठे अडखळते तेही कळेल. ‘म्हणे’ आणि ‘नाद’ आत्ताच काढले, ते आईसमोर माझ्या तोंडून निघालेच नसते.

ओलीवाळू

वाचून दाखवलं. दोन दिवसांनी लिहिते आहे, कारण लगेच सुचत नव्हतं.

आईला विचारलं, “यात जे घडलं म्हणून लिहिलंय, ते बरोबर आहे का?” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “त्या रात्री प्रार्थना झालीच नाही.”

मी म्हटलं, मला स्पष्ट आठवतंय. ती म्हणाली, घर माणसांनी भरलं होतं, बसायला जागा नव्हती, आणि पुस्तक तर दवाखान्यातून आणायच्या पिशवीत राहिलं होतं. पिशवी दोन दिवसांनी घरी आली. आपण बसलो ते तिसऱ्या संध्याकाळी. तिने सांगितल्यावर मला ती पिशवी आठवली. दादाने ती दाराशी ठेवली होती. म्हणजे माझ्या लेखाचं पहिलं वाक्यच चूक. ११ वर्षं मी मनात ती ‘त्याच रात्र’ धरून बसले होते.

मग मी विचारलं, त्या संध्याकाळी तू भराभर म्हणत होतीस ना? कारण मला पक्कं आठवत होतं की प्रार्थना लवकर संपली, आणि ‘यंत्रासारखी’ हा शब्द तिथूनच आला होता. ती उठली, पुस्तक आणलं आणि एक पान काढून माझ्यासमोर धरलं. आजारी माणसासाठी म्हणायची प्रार्थना आहे त्या पानावर. त्या एका पानाचा खालचा कोपरा काळपट झालाय आणि कागद तिथे कापडासारखा मऊ पडलाय. बाकीच्या पानांचे कोपरे तसे नाहीत. म्हणाली, “नऊ महिने रोज हे वाचलं. त्या दिवशी हे वाचवेना. मी दोन पानं एकदम उलटली.”

म्हणून ती लवकर संपली होती. आणि मी त्याला यंत्र म्हटलं.

“आज नको”बद्दलही विचारलं. ती म्हणाली, त्या दिवशी त्यांना कुठलाच आवाज सहन होत नव्हता, औषधामुळे. तसं असेल. पण बाबांनी ते बोलताना माझ्याकडे पाहिलं होतं, आईकडे नाही, आणि ती नजर मला वेगळी वाटली होती. यात आईचं बरोबर की माझं, हे आता कुणाला विचारणार?

माझ्या शंकेबद्दल ती एवढंच म्हणाली, “तुझं तू लिही.” रोज साडेसातला ती मला हाक मारते. काल मारली नाही. आजही नाही.

मावळतीचं_ऊन

त्या हाकेचं वाचून वाईट वाटलं. पण लगेच काही ठरवू नका. मी मुलाला पंधरा दिवस हाक मारली नव्हती. रागाने नाही. आता बोलावलं तर त्याला जबरदस्ती वाटेल आणि नाही बोलावलं तर घराबाहेर काढल्यासारखं वाटेल, यातलं काय करावं तेच मला कळत नव्हतं. तुमच्या आईचं तसंच असेल असं मी म्हणणार नाही. मला माहीत नाही.

सरळरेषा

पानाची गोष्ट वाचली आणि माझं म्हणणं थोडं मागे घेतो. आधीच्या परिच्छेदापेक्षा हे कितीतरी जास्त खरं आहे, आणि मी त्यालाच दमदार म्हणालो होतो.

पण एक भीती आहे. आता लेख आईबद्दल इतका हळवा होईल की शंका कोपऱ्यात जाईल. वाचक म्हणतील, बघा, शेवटी आईची श्रद्धाच मोठी ठरली. ते होऊ देऊ नकोस. प्रार्थनेने बाबा वाचले नाहीत आणि त्या खोलीत तुला काहीही जाणवलं नाही, हेही तेवढंच घडलंय.

समासातली_शाई

@सरळरेषा यांचा हा मुद्दा पूर्ण बरोबर आहे. आदर दाखवण्याच्या भरात माणसं शेवटी एक खोटी तडजोड लिहितात: ‘माझा देव नसेल, पण आईचा देव मला तिच्या डोळ्यांत दिसतो’ छापाची. वाटलं नसेल तर असलं लिहू नये. श्रद्धाळू माणसालाही ती लबाडी लगेच कळते.

ओलीवाळू, पानाचा कोपरा लिहा आणि त्यावर भाष्य करू नका. त्यामागून लगेच तुमचं मन लिहा, तितक्याच सपाट सुरात. दोन्ही शेजारी राहू द्या.

बाबांबद्दल: त्यांचे दोन शब्द, ते कुणाकडे पाहून बोलले, आणि आईने सांगितलेलं कारण. इतकं लिहा. ‘नाद सोडला’, ‘विश्वास उरला नव्हता’, यातलं काही नको. आई उद्या तुमच्याशी वाद घालू शकते, बाबा घालू शकत नाहीत. गेलेल्या माणसाच्या मनात काय होतं यावर शिक्का मारताना मी नेहमी लेखकांचा हात धरत आलोय, मग शिक्का श्रद्धेचा असो की अश्रद्धेचा. ‘त्यांनी देवाचं नाव घेत प्राण सोडला’ हेही मी तितक्याच वेळा खोडलंय.

ओलीवाळू

नवा परिच्छेद. पाच वेळा लिहिला.

> बाबा गेले त्याच रात्री आई प्रार्थनेला बसली, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आई सांगते की ती तिसरी संध्याकाळ होती, कारण पुस्तक दवाखान्याच्या पिशवीत राहिलं होतं. तिने नेहमीसारखी मोठ्याने सुरुवात केली. मध्येच तिने दोन पानं एकदम उलटली. तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही, प्रार्थना लवकर संपली एवढंच कळलं. आजारी माणसासाठी जे पान ती नऊ महिने रोज वाचत होती, ते तिने वगळलं होतं. त्या पानाचा कोपरा आजही काळा आहे. शेवटी तिने आभाराच्या ओळी म्हटल्या. मी ओठ हलवले, आवाज काढला नाही. मला कशाचे आभार मानायचे ते सापडेना, आणि समोर कुणी ऐकतं आहे असं वाटेना. विश्वास कधी सुटला ते सांगता येत नाही. तो नाही, हे त्या संध्याकाळी लक्षात आलं.
>
> त्याच्या महिनाभर आधी, एकदा प्रार्थना सुरू होताना बाबा माझ्याकडे पाहून म्हणाले होते, “आज नको.” आई म्हणते, औषधामुळे त्यांना आवाज सोसत नव्हता. मला ती नजर वेगळी वाटली होती. त्यांना मी विचारलं नाही.

अर्धविराम

‘त्यांना मी विचारलं नाही’ हे वाक्य ठेवा. कुणी काढायला सांगितलं तरी ठेवा.

सरळरेषा

मी ‘मला ती नजर वेगळी वाटली होती’ हे वाक्य काढलं असतं किंवा मग वेगळी म्हणजे कशी ते लिहिलं असतं. आत्ता ते अर्धवट सूचना देतं. बाबांवर शिक्का मारायचा नाही म्हणतेस आणि हळूच अर्धा मारतेस.

समासातली_शाई

मला ते चालेल असं वाटतं, कारण ‘वाटली’ म्हणून त्याची जबाबदारी तिने स्वतःकडे घेतली आहे. पण @सरळरेषा यांचा आक्षेप पोकळ नाही. मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा वेगळं उत्तर आलं.

वाटसरू_७

ताई, मी आधी चर्चा नीट न वाचता लिहिलं होतं. आता सगळं वाचलं. मी श्रद्धाळूच आहे, पण हा परिच्छेद वाचताना मला कुठे टोचलं नाही. ‘समोर कुणी ऐकतं आहे असं वाटेना’ इथे थांबलो. असं मलाही कधी कधी वाटतं. मी मात्र तरीही म्हणत राहतो. यावर वाद नको, फक्त सांगितलं.

ओलीवाळू

@वाटसरू_७, मनापासून धन्यवाद. ही ओळ आईपर्यंत कशी पोहोचेल याचीच मला सगळ्यांत जास्त धास्ती होती.

@सरळरेषा, नजरेचं वाक्य मी ठेवते आहे. कशी वेगळी ते लिहायला बसले तर दर वेळी नवीनच काहीतरी सुचतं, म्हणजे ते मला आठवत नाही, मी रचते आहे. वेगळी वाटली होती एवढंच पक्कं आठवतं. उद्या मत बदललं तर काढेन.

दादाचं राहिलं आहे. लेखात त्याचे दोन उल्लेख आहेत, एक दाराशी पिशवी ठेवण्याचा आणि एक मंडळातल्या त्याच्या जागेचा. दुसरा मी आत्ताच काढला. माझ्या शंकेमुळे तिथे त्याला कुणी जाब विचारावा असं मला नको आहे आणि लेखाला त्याची गरजही नाही. पिशवीचा उल्लेख आज रात्री त्याला फोनवर वाचून दाखवणार आहे. ती त्यानेच आणली होती की काकांनी, हे मला आता खात्रीने सांगता येत नाही.